इअरबड्सच्या डबीतलं हळदकुंकू

गेल्या दसऱ्याला मी सुनेच्या इअरबड्सची पूजा केली आणि ते बंद पडले. चूक माझी होती. ती मी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणाला सांगितली नाही, तेव्हा ती दोनदा चूक झाली.

आमच्या घरी पिठाची गिरणी आहे. दसऱ्याला गिरणी बंद असते. धुऊन-पुसून तिला हार घालतो, मग विळे, कुऱ्हाड, तराजू, मुलाची मोटरसायकल, जे जे कामाला येतं त्याला हळदकुंकू लावतो. त्या वर्षी सुनेने आपली बड्सची पांढरी डबीही पाटावर आणून ठेवली. तिच्या भावाने राखीला दिलेली होती ती. तिला त्या वेळी एका कंपनीचं काम मिळायच्या बेतात होतं. शेतकऱ्यांचे फोन घ्यायचे, बियाण्याची, फवारणीची माहिती सांगायची आणि बोलता बोलता लॅपटॉपवर लिहायचं, सगळं घरी बसून. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी अकरा वाजता तिची चाचणी होती. कानात बड्स लावूनच बसायचं, आवाज स्वच्छ आला पाहिजे, नाहीतर नाव कापू, असं त्यांनी आधीच कळवलं होतं.

मला ते काम पसंत नव्हतं. घरात बसून फोनवर बोलायचं, याला काम म्हणतात का, असं मी शेजारणींसमोर बोलले होते. सून बी.ए. झालेली. लग्नाला नऊ वर्षं झाली, दोन मुलं झाली, आणि तिने एवढ्या वर्षांत स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती. ते मला ठाऊक होतं, तरी बोलले.

पूजा करताना मला वाटलं, वरच्या झाकणाला कुंकू लावून काय होणार, काम तर आतले करतात. म्हणून मी डबी उघडली, दोन्ही बड काढले, ओलं बोट हळदीत आणि कुंकवात बुडवून ते बसतात त्या दोन्ही खोबणींत टेकवलं आणि बड परत आत ठेवले. सून तेव्हा स्वयंपाकघरात पुरण वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डबी उघडली तर समोरचा बारीक दिवा नारिंगी होता आणि लुकलुकत होता. फोनमध्ये बड्सचं नावच दिसेना. आदल्या दिवशी तिने बोलण्याचा सराव करून करून दोन्ही बड संपवले होते, म्हणून तिला वाटलं चार्ज व्हायचे राहिले असतील. तिने बड काढून ओट्यावर ठेवले आणि रिकामी डबी चार्जरला लावली. तासाभराने दिवा हिरवा झाला. ती खूश झाली. बड आत टाकले, पुन्हा नारिंगी.

"काहून असं करून राह्यलं हे!" ती डबीलाच म्हणाली.

मग तिने फोनवर कुठलासा व्हिडिओ पाहिला आणि डबीच्या मागची कळ दाबून धरली. त्याने आणखी बिघडलं. शेजारची पोरगी आली. ती म्हणाली, "काकू, माझ्यात तर लाल दिवा लागते, तुमच्यात नारिंगी काहून?" सून चुलीपाशी जाऊन बसली, रडली नाही, पण पोळ्या करपवल्या. ती पोळ्या करपवणारी बाई नाही.

मी म्हटलं, "चाल शेलूबाजारले. तिथं मोबाईलवाला हाय."

"आज दुकानं बंद असतीन, आत्याबाई. काल दसरा झाला."

"त्याचं उघडं असते."

जीपमध्ये आम्ही दोघी पुढे बसलो. ती सगळा रस्ता डबी उघडत-मिटत होती. मी खोबणीत बघत नव्हते.

शेलूबाजारच्या स्टँडजवळ त्याचं दुकान आहे. त्याचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे, आता त्याच टेबलावर मुलगा मोबाईल खोलतो. त्याचीही दाढी आता पांढरी व्हायला लागली आहे. त्याने डबी हातात घेतली, उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"कंपनीचा कागद हाय का ताई?"

"होता. पोरायनं होडी केली त्याची."

"चालते. आता ऐका." त्याने दोन्ही बड बाहेर काढले. दिवा हिरवा झाला. "हे हिरवं कोणाचं? डबीचं. कळलं का? बड बाहेर असले की दिवा डबीचं सांगते, आत टाकले की बडचं सांगते. तुमी रिकामी डबी चार्ज केली आन हिरवं पाहून समाधान मानलं. डबीचं पोट भरलं, बड उपाशीच."

सून म्हणाली, "पण मग आत टाकल्यावर नारिंगी होते ना. म्हणजे चार्ज होऊन राह्यले ना?"

"नारिंगी सरळ जळत राह्यला तर चार्ज होऊन राह्यला. तुमचा लुकलुकते. लुकलुकला म्हणजे शिकायत हाय. फोनशी जोडी जमली नाई, असं सांगून राह्यला तो. पांढरा लुकलुकला की समजायचं जोडायले तयार." मग शेजारच्या पोरीचा लाल दिवा विचारला तर म्हणाला, "हर कंपनीचा रंग वेगळा. कोणी नारिंगीच्या जागी लाल ठेवते. आपला कागद पाहून चालायचं, दुसऱ्याच्या डबीवरून नाई."

त्याने एकच बड आत ठेवला, उजवा. दिवा नारिंगी, सरळ. तो काढून डावा ठेवला. दिवा हिरवाच राहिला.

"पायलं? हा आत गेला, पण डबीले पत्ताच नाई कोणी आलं म्हणून. ह्याले करंट भेटून नाई राह्यला. तो पुरा मेला हाय. आन तुमी तशात कळ दाबली, तर उजवा फोनले विसरला आन डाव्याले कायी समजलंच नाई. आता दोघांचं जमन कसं?"

त्याने वडिलांचं भिंग डोळ्याला लावलं आणि खोबणीत पाहिलं. मी दुकानातल्या कव्हरांकडे पाहायला लागले.

"ताई, ह्याच्यात काय सांडलं? लाल, पिवळं काय हाय हे? पिन दबून बसली वाळून."

सुनेने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला लगेच कळलं असावं. मी म्हटलं, "हळदकुंकू हाय. म्या लावलं. काल पूजेत."

"आतमदी?"

"व्हय, आतमदी. ओल्या बोटानं."

दुकानदार हसला. "मावशी, मशिनची पूजा बाहेरून करत जा. लोकं ट्रॅक्टरच्या इंजिनात नारळ फोडते का?" मग सुनेचं तोंड पाहून तो कामाला लागला.

सुनेने विचारलं, नवीन सेट घ्यावा का. त्याने काचेखालचा एक काढून दाखवला आणि स्वतःच परत ठेवला. "हा गाणे ऐकायले ठीक हाय. माईकचा भरोसा नाई. तुमचं बोलायचं काम हाय, उद्या मले शिव्या द्यान."

त्याने कापसाच्या काडीला किंचित स्पिरिट लावलं, खोबणी पुसली, बडच्या खालचे चमकते ठिपके पुसले. काडी पिवळी, मग लाल, मग तिसरी काडी जवळजवळ स्वच्छ निघाली. दबलेली पिन त्याने लाकडी टोकाने हलवली. सुई वापरत नाही, तो म्हणाला, सुईने दोन पिना जुळल्या तर सगळंच जाईल. थोड्या वेळाने ती वर आली, पण दुसरीएवढी नाही. डावा बड ठेवला तर दिवा कधी नारिंगी, कधी हिरवा. मग त्याने कागदाची बारीक घडी करून झाकणाच्या आतून चिकटवली, म्हणजे झाकण मिटलं की बड खाली दाबला जाईल.

"आता अर्धा तास थांबा. उपाशी बडले कळ दाबून कायी फायदा नाई."

आम्ही बाकावर बसलो. दुकानात गिऱ्हाईक आलं, गेलं. अर्ध्या तासाने त्याने तिचा फोन मागितला आणि त्यातलं बड्सचं जुनं नाव पुसून टाकलं. मग झाकण उघडं ठेवून मागची कळ दाबून धरली. तो ओठातल्या ओठात मोजत होता. दिवा नारिंगी लुकलुकला, आणि मग पांढरा.

"आता फोनमदी पाय ताई."

तिने बोट लावलं. तिच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं. तिने दोन्ही बड कानात घातले, त्याने स्वतःच्या फोनवरून तिला फोन लावला आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिला. मागून ट्रक जात होता. "सोयाबीनवर अळी पडली, काय फवारू?" तो ओरडून म्हणाला. ती हळू आवाजात त्याला उत्तर देत राहिली. मी तिला तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. घरात गिरणीवर आवाज चढवून बोलणारी बाई ती, तिथे शांतपणे, एकेक गोष्ट सुटी करून सांगत होती, कुणाला घाई नसल्यासारखी. तो परत आला आणि म्हणाला, "मले समजलं बाप्पा. मी शेती करत नाई, तरी समजलं."

परतीच्या जीपमध्ये मागे बसायला जागा मिळाली. अर्धा रस्ता गेल्यावर तिने विचारलं, "आत्याबाई, तुमी मुद्दाम केलं का?"

"नाई."

मग मी उरलेलंही सांगितलं. "मुद्दाम नाई केलं. पण सकाळी बंद पडलं तवा मले वाईट नाई वाटलं. वाटलं, बरं झालं, हे खूळ गेलं. तू पोळ्या करपवल्या तवा वाईट वाटलं."

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "पूजेचं नाई मालूम होतं. बाकीचं मालूम होतं."

"मंग बोलली काहून नाई?"

"बोलून काय केलं असतं तुमी?"

जीप गावात आली. उतरताना तिने माझा हात धरला, पण पायरी उंच होती म्हणून धरला असेल.

दुसऱ्या दिवशी ती साडेदहालाच आपल्या खोलीत बसली. मुलाने गिरणी बंद ठेवली होती. दोन बाया ज्वारीचे डबे घेऊन आल्या, तर त्यांना मी ओट्यावर बसवून घेतलं. एकीने विचारलं, "लाइन गेली का?" मी म्हटलं, "लाइन हाय. सुनेचं काम चालू हाय." माझ्या तोंडून ‘काम’ हा शब्द निघालेला ऐकून ती शेजारीण माझ्याकडे बघतच राहिली, कारण मागच्याच महिन्यात मी त्याच ओट्यावर काय बोलले होते ते तिने ऐकलं होतं.

तास झाला, वर वीस मिनिटं झाली. दार उघडलं. सून बाहेर आली, एक बड अजून कानात होता.

"काय म्हणले?" मी विचारलं.

"सोमवारपासून बसा म्हणले. सकाळी नऊ ते एक." मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "नऊ ते एक गिरणी बंद नाई ठेवता येणार. मले कायतरी दुसरी जागा लागन."

मी मुलाला म्हटलं, माझी खोली गिरणीपासून सगळ्यात लांब आहे, तिचं टेबल तिथे लाव. माझी खाट त्याच दिवशी पुढे, गिरणीजवळच्या खोलीत आणली. तिथे झोप नीट लागत नाही, हे खरं आहे. तिने दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी तिला न लपवता सांगितलं की लागत नाही.