संगणकानं काढलेली नात

बावीस फेब्रुवारी, रविवार. रक्कम अठराशे रुपये, दोन फ्रेम धरून. हजर: मी, माझी बायको, आमची मुलगी, जावई, व्याही, विहीणबाई आणि सांगलीचा तो स्टुडिओवाला, ज्यानं फ्रेमवरचा चकचकीत कागद सगळ्यांसमोर फाडला. पैसे विहीणबाईंनी दिले. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी त्यांच्याशी भांडलो आहे आणि देणाऱ्याचं नाव लपवून भांडणं मला पटत नाही.

प्रसंग मुलीच्या डोहाळजेवणाचा. फ्रेममध्ये तिचं होणारं बाळ होतं. जावयाचा आणि तिचा लग्नातला फोटो संगणकात घालून, दोन्ही चेहरे मिसळून, तीन वर्षांचं मूल काढलेलं. मुलगा होणार की मुलगी हे माहीत नव्हतं, म्हणून दोन्ही काढले होते. हेच बघून खरं तर तिथल्या तिथं कुणीतरी हसायला हवं होतं. कुणी हसलं नाही. मीही नाही. मुलगी गोरीपान, भुऱ्या केसांची, गालावर खळी. आमच्या दोन्ही घरांत खळी कुणालाच नाही. मंडपाच्या दारात तेच दोन चेहरे मोठ्या फ्लेक्सवर होते आणि हळदीच्या बाजारातले व्याह्यांचे ओळखीचे व्यापारी त्याच्यापुढं उभे राहून फोटो काढून घेत होते.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मुलगी साताऱ्याला आली. एप्रिलच्या शेवटी तिला मुलगी झाली. चांगली सहा पौंडांची, आवाज खणखणीत, रंग सावळा. माझा रंग आहे तो. मला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नसतं, पण विहीणबाई बघायला आल्या, दुपटं बाजूला केलं आणि म्हणाल्या, "आवं पाव्हणं, फोटूत येवढी गोरी हाय, आन ही हितं कशी काय अशी?"

"फोटोतली वेगळी, ही वेगळी," मी म्हणालो.

"आसं कसं? दोघांचं फोटू घालूनच काढलंय की त्यांनी."

बायकोनं मला डोळ्यांनीच गप्प केलं. पाव्हणे होते, चहा व्हायचा होता.

नंतर एका सकाळी मुलीनं सांगलीला पाठवलेला बाळाचा फोटो माझ्याही फोनवर आला. बाळ माझ्यासमोर तिच्या मांडीवर होतं. मी फोन बाळाशेजारी धरला. फोनमधलं बाळ दुधासारखं होतं.

"हे काय केलंयस?"

"फिल्टर आहे पप्पा. सगळेच लावतात."

"बारा दिवसांच्या पोरीला?"

ती बाळाचं टोपडं सारखं करत राहिली. मग म्हणाली, "तिकडं सगळ्यांनी तो फोटो बघितलाय. आता मीच काहीतरी केल्यासारखं बघतात. सासूबाई म्हणतात, गरोदरपणात केशर घेतलं नाहीस, लोह लय खाल्लंस. बारशाला मंडळी येतील, फ्लेक्स बघतील, मग हिला बघतील." तिनं टोपड्याची नाडी बांधली. "पप्पा, बारशाच्या फ्लेक्सवर तोच फोटो राहू दे ना. लोक फ्लेक्सच बघतात. बाळ काय, दुपट्यात झाकलेलंच असतं."

माझी मुलगी विज्ञान शाखेची पदवीधर आहे. ती आपल्या पोटच्या पोरीला एका फ्लेक्समागं लपवायला निघाली होती. मला तिचा राग आला नाही. ज्या चित्रानं तिला इथवर आणलं, त्याचा आला.

त्याच संध्याकाळी विहीणबाईंनी फ्लेक्सचा नमुना पाठवला. वर देवाचं नाव, खाली दोन्ही घरांतली वडीलधारी मंडळी ओळीनं, आणि मधोमध ती खळीवाली. मी फोन केला. बारसं माहेरी, खर्च माहेरचा, तेव्हा दारात कुणाचा चेहरा लागायचा हे मी ठरवणार, असं सांगितलं.

"मग ठरवा की! आमी बाजारात शंभर मान्सांस्नी दावलाय त्यो फोटू. आता काय सांगू, संगणक चुकला म्हणून?"

"चुकला असंच सांगायचं."

"तुमी सिद्ध करा, मग सांगते."

त्या असं म्हणाल्या ते बरंच झालं. मी हिशेबाचा माणूस आहे. ज्याची पडताळणी होते, त्याच्यावर मी वाद घालत बसत नाही, पडताळणी करतो. रविवारी एस.टी.नं सांगलीला गेलो. विहीणबाई, व्याही, जावई सगळ्यांना स्टुडिओत बोलावलं होतं. येताना तुमच्या दोघांचा लग्नातला एक फोटो घेऊन या, एवढंच व्याही-विहीणबाईंना सांगितलं होतं.

स्टुडिओवाला तिशीतला, बोलका माणूस. मी आधी म्हणालो, फेब्रुवारीत यात घातलेले जावयाचा आणि मुलीचा असे दोन फोटो अजून आहेत का? होते. मग तेच दोन्ही, तसेच्या तसे, परत घाल.

पडद्यावर एक मुलगी आली. ही गोल चेहऱ्याची, काळ्या केसांची. खळी नाही.

"ही कोण?" व्याह्यांनी विचारलं.

"परत दाब," मी म्हणालो.

तिसरी आली. हनुवटी टोकदार, डोळे मोठे.

"काका, ते प्रत्येक वेळी नवीनच काढतं," स्टुडिओवाला डोकं खाजवत म्हणाला. "आधीचं लक्षात ठेवत नाही. आम्ही पाच-सहा काढतो आणि त्यातलं गोड दिसेल ते देतो."

"निवडलं कुणी होतं?"

त्यानं विहीणबाईंकडं बघितलं. विहीणबाई भिंतीवरच्या लग्नाच्या अल्बमांकडं बघू लागल्या.

मग मी जावयाचा आणि मुलीचा दुसरा फोटो दिला, गेल्या दिवाळीतला, अंगणात घेतलेला, पावडर न लावलेला. त्यातून आलेलं मूल सावळं होतं. आईबाप तेच, फक्त लग्नातला मेकअप, दिव्यांचा उजेड आणि अल्बम करताना उजळवलेला रंग तेवढा गेला होता. संगणकाला माणूस दिसत नाही, माणसाचा फोटो दिसतो. नाक किती रुंद, डोळ्यांत अंतर किती, रंग किती उजळ, याचे तो आकडे करतो, दोघांचे आकडे मिसळतो, वय लहान करतो आणि त्या आकड्यांवरून नवा चेहरा रंगवतो. लहान मूल कसं दिसतं हे तो हजारो मुलांच्या फोटोंवरून शिकलेला असतो. खळी अशाच कुठल्यातरी अनोळखी पोरांकडून आली असणार.

एवढ्यावर विहीणबाई मानणाऱ्या नव्हत्या. "सारखं सारखं दाबलं की बिघडतंय ते," म्हणाल्या.

"ठीक. मग आता तुमचा फोटो द्या."

त्यांच्या लग्नाचा रंगीत फोटो होता, कडेला पिवळा पडलेला. व्याही सफारीत, विहीणबाई हिरव्या शालूत. स्टुडिओवाल्यानं तो मोबाइलवर घेतला, चेहरे कापून दोन खिडक्यांत टाकले आणि मुलगा असं बटण दाबलं. पडद्यावर एक गुटगुटीत, नीटनेटक्या कानांचा पोरगा आला. हसरा, कुठल्याही दुधाच्या पावडरीच्या डब्यावर शोभला असता.

जावई माझ्याशेजारी उभे होते. त्यांचे कान मोठे आहेत, पुढं आलेले. लग्नात मुंडावळ्या त्यांच्यावर अडकून बसल्या होत्या. ते पडद्याकडं बघत म्हणाले, "आई, हा आपल्याकडं कधी होता गं?"

व्याही मोठ्यानं हसले. विहीणबाई हसल्या नाहीत. पुढं होऊन पडद्याजवळ वाकल्या, खूप वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "माजं पोरगं न्हाई हे."

"परत काढू?"

"काढा."

पहिला धरून पाच वेळा काढलं. खरं ते सांगतो, चौथ्याचं नाक थोडं व्याह्यांसारखं होतं. पण पाच अंदाजांत एक नाक जवळपास येणं म्हणजे ओळख नव्हे, आणि समजा एखादा चेहरा अगदी हुबेहूब आला असता, तरी तो बरोबर आलेला अंदाजच राहिला असता.

"हे तुमच्या दोघांचंच आहे," मी म्हणालो. "मग तुम्ही जावईबापूंना कधी विचारलंत का, की तू असा का नाही झालास? माझ्या नातीलाच का विचारता?"

"म्या कुटं तिला इचारलं?"

"तिच्या आईला विचारलंत. केशराचं."

जावयांनी चटकन आईकडं बघितलं. त्यांना ते ठाऊक नव्हतं.

मी म्हणालो, "मूल निम्मं आईकडून घेतं, निम्मं बापाकडून, पण कुठलं निम्मं ते दर वेळी वेगळं. माझे आणि माझ्या भावाचे आईबाप एक. तो सहा फूट, मी हा असा. आणि आईबापांच्या चेहऱ्यावर न दिसलेलंही आजोबा-आजीचं मुलात येतं. ते फोटोत नसतंच, तर यंत्र काढणार कुठून?"

"पुढं उजळंल की ती," विहीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. मला वाटतं त्या माघार घेत होत्या. पण तेवढीही माघार मला नको होती.

"उजळेल किंवा नाही उजळणार. मला तेही आत्ता ठरवायचं नाही. हाही अंदाजच झाला."

बाहेर पडताना जावई म्हणाले, "पप्पा, फ्लेक्सचं तुम्ही बघा." विहीणबाई रिक्षात बसताना एवढंच म्हणाल्या, "लय ताठ हाय तुमी."

"आहे," मी म्हणालो.

साताऱ्याला आल्यावर मुलीला सगळं सांगितलं. पाचही पोरांचे फोटो मी मोबाइलवर आणले होते. ती एकेक बघत गेली आणि कानांपाशी थांबून इतकी हसली की बाळ जागं झालं. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच बाळाला व्हरांड्यात, सकाळच्या साध्या उजेडात धरलं. मी फोटो काढला. बाळ जांभई देत होतं. तोच तिनं सांगलीला पाठवला. खाली काही लिहिलं नाही.

फ्लेक्सवाला म्हणाला, काका, जरा ब्राइट करतो, छापताना काळपट येतं. मी म्हणालो, नमुना आधी छापून दाखव, बाळाशेजारी धरून बघतो. त्यानं हाताएवढा तुकडा छापला. मी तो घरी नेला, बाळाच्या गालाशेजारी धरला, तेव्हा कुठं होकार दिला.

बारशाला विहीणबाई आल्या, फ्लेक्सपुढं थांबल्या. त्यांच्याबरोबर आलेल्या हळदीच्या बाजारातल्या एका बाईंनी विचारलं, "आवं, त्या फोटूतली कुटं हाय?"

विहीणबाई म्हणाल्या, "त्यो अंदाज व्हता. ही हाय." आणि बाळाला घेऊन पाळण्याकडं गेल्या. चेहरा काही फार गोड नव्हता त्यांचा. मला गोड चेहरा नको होता, तेवढं वाक्य हवं होतं.

डोहाळजेवणाचा फ्लेक्स आता सांगलीला व्याह्यांच्या दुकानामागं हळदीच्या पोत्यांवर पावसासाठी ओढलेला असतो. जावई सांगतात, खळीचा भाग आतल्या बाजूला गेलाय.

खर्च असा झाला: सांगलीच्या स्टुडिओवाल्याला चेहरे काढून दाखवण्याचे अडीचशे, मी दिले. साताऱ्याच्या फ्लेक्सवाल्याला सहा बाय चारच्या फ्लेक्सचे नमुन्यासकट पाचशे दहा, तेही मी दिले. व्याह्यांनी निम्मे देऊ केले होते, मी घेतले नाहीत.