दादाच्या कानातली शिट्टी आणि माझ्या तीन टेपा

सात रस्त्याजवळ माझं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक टेबल, एक स्टूल आणि मागच्या फळीवर पोट उघडं टाकलेले पंधरा-वीस रेडिओ. गिऱ्हाईक बहुतेक एकच तक्रार घेऊन यायचं, "खरखर लई हाय की ओ." मी ती काढून द्यायचो आणि त्याचा मला भलता तोरा होता. माझ्या हातून गेलेल्या सेटवर बातम्या देणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो, असं मी चारचौघांत सांगत असे. अशा माणसावर पुढे दोन महिने स्वतः खरखर बनवत बसायची पाळी आली, ती माझ्या थोरल्या भावामुळे. आणीबाणी नुकतीच उठली होती, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट.

दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, तेव्हा मला त्यानंच वाढवलं, रेडिओचा कोर्सही त्यानंच करायला लावला. तो गिरणीत मागाच्या खात्यात जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग नीट करून चालते ठेवणारा. सगळे माग धडधडत असताना त्यातला कुठला रडतोय हे तो नुसत्या कानानं ओळखायचा आणि सरळ त्याच मागापाशी जाऊन उभा राहायचा. त्या कानांची गिरणीत कीर्ती होती. पुढे छातीच्या दुखण्यानं नोकरी सोडावी लागली. दादा घरी बसला, भोवती शांतता झाली, आणि त्या शांततेत त्याला आपल्याच कानातली शिट्टी ऐकू यायला लागली.

"माग चालू हुतं तवा ही बया कुटं हुती कुणास ठावं," तो म्हणायचा. "आता बसली हाय कानात घर करून." बारीक, उंच, न थांबणारी शिट्टी. झोप म्हणून लागेना. दुपारी अंग टाकायचा, पाच मिनिटांत उठून बसायचा. डोळे खोल गेले. एकदा मला म्हणाला, "तुझ्या दुकानातल्या कातरीनं ही वायर कापता येत असंल तर काप." मी हसलो, पण तो हसत नव्हता.

मी त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कानांवर हेडफोन चढवून मशीनवर तपासणी केली. एका कानाची परीक्षा चालू असताना दुसरा कान मध्येच मदतीला येऊ नये, म्हणून त्या दुसऱ्या कानात ते सर्र असा एकसारखा आवाज सोडत. तपासून झाल्यावर म्हणाले, कानाच्या आतली नस झिजली आहे, ह्याला औषध नाही. मी खचलो, पण दादा बाहेर आला तो वेगळाच चेहरा घेऊन.

"आरं, त्या मशिनीत सर्र करत हुतं की नाय, तवा शिट्टी गप झाली बग! घटकाभर कायबी न्हवतं."

एवढंच मला पुरे होतं. औषध नसेल डॉक्टरांकडे. सर्र करणारा आवाज तर माझ्या धंद्यातला कचरा होता!

पहिल्यांदा मी सोपा मार्ग धरला. रेडिओचा काटा दोन स्टेशनांच्या मध्ये ठेवला, की खरखर मिळते. पण ती एकसारखी नसते. शेजारी यंत्रमागाची मोटार सुरू झाली की तडतड, आणि ऊन उतरलं की कुठून तरी कानडी बातम्या घुसायच्या. मग पुस्तक काढलं. ट्रान्झिस्टरचा, म्हणजे रेडिओतल्या तीन पायांच्या इवल्या सुट्या भागाचा, एक सांधा उलट्या बाजूनं जोडून त्यावर त्याच्या ताकदीबाहेर व्होल्टेज दिलं, की तो आतल्या आत खळखळतो. ती अगदी बारीक खळखळ वाढवून घेतली की खरखर तयार. पण सगळे ट्रान्झिस्टर सारखे खळखळत नाहीत. मी डब्यातले वीसेक लावून पाहिले. जन्मभर आवाज करणारा ट्रान्झिस्टर फेकून देणारा मी, त्यातला सगळ्यांत आवाज करणारा शोधत होतो. सापडला तेव्हा सोनं सापडल्यागत त्याला बाजूला ठेवला.

ही झाली पांढरी खरखर. पुस्तकात तिला पांढरी म्हणतात, कारण पांढऱ्या उजेडात जसे सगळे रंग, तसे हिच्यात सगळे स्वर सारख्या जोराचे. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "खरखरीला रंग असतोय व्हय? मग आमच्या चादरीगत पक्का हाय का इचारून घे."

पण पांढरी खरखर कानाला टोचते. पेटीवर वर जावं तसं प्रत्येक सप्तकात कंपनांची जागा आधीच्या दुप्पट होते. सगळ्या कंपनांना सारखाच वाटा दिला की वरच्या सप्तकांच्या पदरात जास्त पडतं, आणि आवाज स्टोव्ह पेटवल्यासारखा सूं सूं येतो. ह्यावरचा उतारा म्हणजे गुलाबी खरखर. तिच्यात दर वरच्या सप्तकात जोर निम्मा करत जायचं, म्हणजे प्रत्येक सप्तकाच्या वाट्याला सारखंच येतं. एक रेझिस्टन्स आणि एक कंडेन्सर लावून हे होत नाही, तेवढ्यानं आवाज नको इतका उतरतो. चार-पाच जोड्या लावून थोडाथोडा उतार द्यावा लागतो. तो जमला तेव्हा स्पीकरमधून धरणाच्या सांडव्यासारखा भरदार आवाज आला आणि मी स्टुलावर बसल्या बसल्याच पेंगलो. दोन्ही खरखरींच्या कॅसेटी भरून छोट्या टेपरेकॉर्डरसकट घरी नेल्या, एक पांढरी, एक गुलाबी.

गुलाबी टेपेनं आमच्या घरात कमाल केली. वहिनी विड्या वळता वळता सुपावरच मान टाकून झोपली. तिची धाकटी मुलगी झोपली. शेजारची म्हातारी निरोप द्यायला आली ती भिंतीला टेकून घोरायला लागली. जागा फक्त दादा.

"झ्याक हाय," तो म्हणाला, "पर जरा बारीक वाटतोय." मी आवाज वाढवला. पुन्हा वाढवला. अर्ध्या तासानं बाजू संपली, कळ खाडकन वर आली आणि सगळे दचकून उठले.

मला वाटलं, चूक अर्ध्या तासात आहे, सतत चालणारा आवाज हवा. आणि नुसता सांडवा नको, पावसासारखा हवा. पाऊस करायलाही तीच खरखर घेतली. तळाला गुलाबी, आणि तिच्यातली फक्त उंच उडालेली टोकं वेगळी काढून प्रत्येकावर एक टप. टोकं कधी येतील याचा नेम नसतो, म्हणून थेंबही बिननेमाचे पडतात. ह्या आवाजाच्या टेपेची मी लांब पट्टी कापली, तिची टोकं जोडून गोल केली आणि लाउडस्पीकरवाल्याकडून मागून आणलेल्या स्पूलच्या मशीनवर, खुर्चीच्या पायांना वळसा घालून फिरवत ठेवली. बाजू संपायचा प्रश्नच नाही. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

दादा दहा मिनिटं डोळे मिटून पडला आणि उठला. "थांबव. हितं दोरा तुटतोय."

"कुठं?"

"ह्यो बग... आता. फिरून तितंच."

मी कान देऊन ऐकलं. दर फेरीला, जोड आला की थेंबांची तीच ओळ पुन्हा येत होती आणि मध्ये एक अगदी पुसट थप. मला ते सांगितल्यावर कळलं. पण दादा जॉबर होता. बरोबर तेवढ्याच अंतरानं येणारी खोट ऐकून उठून उभं राहायचं, हेच त्यानं जन्मभर केलं होतं. पळत्या आवाजाची फेरी ऐकू आली की त्याचे पाय आपोआप खाटेवरून खाली यायचे. मी त्याच्या उशाशी नेमका एक बिघडलेला माग आणून ठेवला होता.

पट्टी काढली आणि पावसाचीही साधी कॅसेट भरली. आता तीन टेपा झाल्या. दादा रोज आवाज वाढवायचा. पंधरा दिवसांत पांढरी टेप इतक्या जोरात चालायला लागली की वहिनी विड्यांचं सूप घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसली. "भावजी," ती मला म्हणाली, "तुमी इलाज करताय का घर सोडायला लावताय?" मी तिच्यावर खेकसलो. त्याची लाज मला आजही वाटते.

शेवटी पुन्हा डॉक्टर. ह्या वेळी त्यांनी मला दादाच्या कानाचा आलेख दाखवला. डावीकडे, खालच्या स्वरांत, रेघ बरी होती. उजवीकडे, उंच स्वरांकडे गेली की एकदम खाली कोसळत होती. पांढऱ्या खरखरीचा जो भाग मला टोचत होता, तो दादाच्या कानाला पोचतच नव्हता. पोचावा म्हणून तो आवाज वाढवत होता. गुलाबीतला भरदारपणा माझ्या मोठ्या स्पीकरचा होता, टेपरेकॉर्डरच्या इवल्या स्पीकरमधून तो बाहेरच पडत नव्हता. आणि पडला असता तरी शिट्टी होती वरच्या पट्टीत, खालच्या घुमण्यानं ती झाकली जात नाही. मशीनवर शिट्टी गप झाली ती हेडफोन कानाला चिकटून होते आणि आवाज मोठा होता म्हणून, तीही क्षणभर.

"एवढ्या मोठ्यानं लावत असाल," डॉक्टर म्हणाले, "तर उरलेलंही घालवाल. हळू लावा, नाहीतर बंद करा."

दोन महिने मी स्टुलावर बसून खरखर घासूनपुसून तयार केली, ती माझ्या कानांना बरी वाटेपर्यंत. दुरुस्त सेट आधी आपण ऐकायचा आणि मगच द्यायचा, ही धंद्याची सवय. ऐकणारे कान दुसऱ्याचे आहेत, हे एकदाही डोक्यात आलं नाही. रस्त्यात दादाच माझ्या खांद्यावर हात टाकून चालत होता.

घरी आल्यावर दुपारी मी शेवटचा प्रयत्न म्हणून बसलो. डॉक्टरांनी सांगितलं तसा आवाज अगदी खाली आणला. पांढरी लावली. "ठीक हाय," दादा म्हणाला. गुलाबी लावली. "ही बी ठीक." मग पावसाची टेप घातली, कळ दाबली आणि त्याच्या तोंडाकडे पाहत बसलो. त्यानं डोळे मिटले. कपाळावरच्या आठ्या उतरल्या. तो पुटपुटला, "ह्योच ठेव. लई ग्वाड पाऊस हाय. आता लागंल मला झोप. तू जा दुकानाला, गिऱ्हाइकं खोळंबली असतील."

माझा जीव भांड्यात पडला. उठताना नजर मशीनवर गेली. मघाशी कॅसेट बदलताना पॉजची कळ दाबली होती, ती तशीच आत होती. चाकं फिरत नव्हती. त्याच्या तोंडाकडे पाहण्याच्या नादात मी स्वतः कान द्यायलाच विसरलो होतो; त्या खोलीत पाऊस पडलेलाच नव्हता.

दादा डोळे मिटून पडून होता. पापण्या झोपलेल्या माणसाच्या नव्हत्या. मी चपला हातात घेतल्या आणि दार ओढून ओट्यावर आलो. वहिनीनं विचारलं, "झोपले व्हय?" मी म्हणालो, "व्हय, झोपला." आणि तिच्याशेजारी बसून हमसून हमसून रडलो.