पस्तिसाव्या मीटरचा वळसा

१८ एप्रिल. ठरलेली रक्कम साडेआठ हजार, त्यातले तीन हजार आगाऊ दिलेले. हजर: मी, माझी आई, भूजलाच्या सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या एक मॅडम आणि त्यांचे दोन मदतनीस. जागा: कन्नड गावाच्या रस्त्यावरून दोन किलोमीटर आत, आमचे चार एकर.

आईचे वय अठ्ठ्याहत्तर. ती शेतातल्या दोन खोल्यांत एकटी राहते. बांधालगतच्या विहिरीने फेब्रुवारीतच तळ दाखवला होता. मागच्या वर्षी पाणाड्याने हातात नारळ धरून दाखवलेल्या जागी बोअर घेतले, तर दोनशे फुटांपर्यंत नुसती भुकटी निघाली. मधे एका ठिकाणी ती गेरूसारखी लाल झाली, एवढाच काय तो बदल. यंदा मी ठरवले होते की आणखी एकच बोअर. पाणी लागले नाही तर घराला कुलूप लावायचे आणि आईला शहरातल्या फ्लॅटवर आणायचे. हे तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "न्या की. तिसऱ्या मजल्यावर न्या. आठ दिवसांत परत आणावं लागंल, चौघांच्या खांद्यावर."

मॅडमनी घरापासून बांधापर्यंत सरळ रेषेत टेप टाकली. जमिनीत चार लोखंडी खुंट्या ठोकायच्या. बाहेरच्या दोन खुंट्यांतून वीज सोडायची आणि आतल्या दोन खुंट्यांमधला दाब मोजायचा. त्यावरून जमीन विजेला किती विरोध करते ते निघते. माती कोरडी ठाक असल्याने प्रत्येक खुंटीच्या बुडाशी मिठाचे पाणी ओतत होते. दर पाच मीटरला एक वाचन. आकडे उतरवायचे काम मी मागून घेतले.

"साहब, तार सीधी पकडो," थोरला मदतनीस मला म्हणाला. "आप बार बार बाजूकू काय को जारे?"

मी खाली पाहिले. टेप सरळ होती. मी मात्र वायर घेऊन टेपच्या डावीकडून अर्धगोल फिरून आलो होतो. आमची पायवाटही तिथे तशीच फिरते. तिथे झाड नाही, दगड नाही, काहीच नाही. बावन्न वर्षांत मी त्या जागेवर कधी पाय ठेवला नाही, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हते.

वही माझ्याजवळ आहे. वीस मीटरवर ४१, पंचवीसवर ४३, तीसवर ४०. पस्तीसवर १६. चाळीसवर १८. पंचेचाळीसवर पुन्हा ४२.

मॅडमनी खुंट्या उपटून पुन्हा ठोकायला लावल्या, मीठपाणी पुन्हा ओतले. पुन्हा १६. मग टेप आडवी टाकली. आडव्या रेषेतही आकडा तिथेच पडला आणि आठेक मीटरनंतर पूर्ववत झाला.

"गोल आहे," मॅडम म्हणाल्या. "आणि उथळ आहे. आजी, इथे कधी विहीर होती का?"

आई ओसरीवरून म्हणाली, "नाय."

"मग तुम्ही वळसा घालून का जाता?"

"सासूनं सांगितलं होतं, तिथनं चालायचं नाय. ती बी चालायची नाय."

"का?"

"तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं. आमच्यात का म्हनून कुनी विचारत नव्हतं, बाई."

मला त्या आकड्याचा मोह झाला. मी मॅडमना म्हणालो, "कमी आकडा म्हणजे ओल. इथेच घेऊ बोअर."

त्या हसल्या नाहीत. "हे यंत्र पाणी बघत नाही, विरोध बघतं. ओल असली तरी आकडा कमी, नुसती चिकणमाती असली तरी कमी. तुमची मागची लाल भुकटी मोजली असती तर तीही कमीच आली असती, आणि तिथे थेंब नव्हता. ही कुणीतरी खणलेली आणि पुन्हा काळ्या मातीने भरलेली जागा आहे. किती वर्षांपूर्वी, ते मला यंत्र सांगत नाही."

त्यानंतर त्यांनी बांधाच्या बाजूला, त्या गोलापासून चाळीस मीटर दूर, दुसऱ्या पद्धतीने मोजले. मधल्या दोन खुंट्या जागेवर आणि बाहेरच्या दोन दर वाचनाला लांब लांब. त्या जितक्या लांब, तितकी वीज खोल जाते. आकडा मुरमाच्या तिशीतून चढत १८० वर गेला, म्हणजे सलग काळा पाषाण. मग चढायचा थांबला, ११५ पर्यंत उतरला आणि पुन्हा चढू लागला. त्यांनी आलेखावर त्या उतारावर बोट ठेवले. "पाषाणाखाली फुटलेला थर असावा. पंचेचाळीस ते पन्नास मीटर. खात्री नाही, अंदाज आहे. पाणी लागलं तरच बाकीचे पैसे द्या."

२९ एप्रिलला बोअरची गाडी आली आणि मॅडमनी सांगितलेल्या जागी, बांधाच्या बाजूला उभी राहिली. आईने सकाळीच आपली पातळे गाठोड्यात बांधून ओसरीवर ठेवली होती. मला दिसावीत अशी.

पंचेचाळीस फुटांवर भुकटी वर यायची थांबली. दगड फोडणारा हातोडा चालू, हवेने भुकटी वर फेकणारा कॉम्प्रेसर चालू, आणि भोकातून काहीच नाही. ड्रायव्हर ओरडला, "हवा पळती! जवळ विहीर हाय का कुटं?"

मी बांधालगतच्या विहिरीवर धावत गेलो. तळ कोरडा होता, धूळही हलत नव्हती. परत वळलो तर आई उभी होती, पायवाट वाकते तिथे, वळशाच्या अलीकडे.

"ऐक," ती म्हणाली.

जमिनीच्या भेगांतून वारा येत होता. बारीक माती भेगांच्या काठावर उडत होती, दुपारच्या दोनच्या उन्हात, आणि त्या गोलाबाहेर गवताची काडीही हलत नव्हती. वास ओल्या दगडांचा होता. गाडीवर नवी सळई जोडताना हवा थांबली की इथला वाराही मंद व्हायचा. हातोडा पुन्हा चालू झाला की जमीन पुन्हा श्वास सोडायची.

ड्रायव्हर बघायला आला. "मुरमाच्या फटीतनं हवा आलीय, मावशी. जुनी विहीर गाडलेली असंल. भ्यायचं कारन नाय."

"मी कुठं भ्याले?" आई म्हणाली. "तूच उभा हाय लांब."

तो खरोखरच वळशाच्या बाहेर उभा होता. त्याला कोणी काही सांगितले नव्हते.

कॉम्प्रेसर पूर्ण बंद केल्यावरही भेगांतून वारा येतच राहिला. मी घड्याळ लावले. चार मिनिटे. दाबलेली हवा हळूहळू सुटत असणार, हे मला कळते. तरी ती चार मिनिटे मीही वळशाच्या अलीकडेच उभा राहिलो.

फटीच्या खालपर्यंत, बावन्न फुटांवर, केसिंगचा पाइप बसवला. हवा पळायची थांबली आणि भुकटी वर येऊ लागली. मग शंभर फूट नुसता काळा दगड. आई गाठोड्याशेजारी बसून होती. एकशे अठ्ठावन्न फुटांना भुकटीचा चिखल झाला आणि चिखलाचे पाणी. ड्रायव्हरने दीड इंच पाणी सांगितले. एकशे अठ्ठावन्न फूट म्हणजे अठ्ठेचाळीस मीटर. मी वहीत मॅडमच्या आकड्याखाली लिहिले.

आईने गाठोडे सोडले.

मोटर बसली त्या दिवशी पहिला हंडा तिने मला घरात नेऊ दिला नाही. कमरेवर घेऊन ती पायवाटेने गेली, वाट वाकते तिथे थांबली आणि उभ्या जागेवरून सगळा हंडा पलीकडे ओतला. पाणी भेगांत गेले. वरच्या मातीवर डागही राहिला नाही.

"कुणाला दिलं?" मी विचारले.

"मला काय ठावं? ज्याचं व्हतं त्याला."

वहीतली शेवटची नोंद अशी: मॅडमना उरलेले साडेपाच हजार, रोख. बोअरवाल्याला एकोणपन्नास हजार सातशे, केसिंगसह. आणि पस्तिसाव्या मीटरला, एक हंडा पाणी.