वस्तीवरून जाणारा आवाज

सुभद्राबाईंना मी मावशी म्हणतो. वडवणीच्या बाजारात लसूण विकायला येतात आणि परत जाताना माझ्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाच्या पायरीवर दम खातात. साधा बटणांचा फोन, त्यात आठ नंबर. बाई बोलकी, पण एकदा रुसली की आठवडाभर अबोला. हे अख्ख्या वस्तीला ठाऊक.

यंदा धाकटी शिवकन्या बारावीला, म्हणून मावशी ऊसतोडीला गेल्या नाहीत. नवरा रामहरी बैलगाडी घेऊन मुलगा-सुनेसोबत कारखान्यावर गेला. त्यावरून घरात भांडण झालं होतं. गाडी निघाली त्या दिवशी मावशी अबोल्यातच होत्या.

डिसेंबरात त्या फोन घेऊन आल्या. "त्यांचं समदं ऐकू येतंय, राधाकिसन. माझं त्यांना काईच न्हाई."

मी माईक बदलला. दुकानातून माझ्या फोनवर लावून पाहिलं, आवाज खणखणीत. चार दिवसांनी त्या परत आल्या, तीच तक्रार. पुन्हा लावून पाहिलं, पुन्हा खणखणीत. बाजाराचा दिवस, गिऱ्हाईक ताटकळलेलं. मी खेकसलो, "मावशी, बोलता बोलता म्यूटचं बटण दाबता तुम्ही. फोनला काय झालंय?"

चार लोक हसले, मीही हसलो. मावशींनी फोन पदरात गुंडाळला आणि निघून गेल्या.

खरं तर तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं. दुकानात फोनला वडवणीचा टॉवर मिळतो, वस्तीवर दुसरा. ज्याची परीक्षा घ्यायची तो टॉवर सोडून मी बिचाऱ्या फोनचीच परीक्षा घेत होतो. वस्तीवरची पोरं व्हॉट्सॲपवर बोलतात, ते इंटरनेटवरून जातं, म्हणून त्यांनी बोभाटा केला नाही. धंदा माझा, आणि अक्कल मी त्या बाईची काढली.

एप्रिलात रामहरी परतला. घरून त्यानं टोळीतल्या सोमेश्वरला स्वतःच्या फोनवरून फोन लावला, तर सोमेश्वर नुसता "हॅलो, हॅलो" करत राहिला. मग रामहरीला उमगलं, दोष बायकोचा नव्हता, वस्तीवरच्या टॉवरचा होता. मोबाईल कंपनीला १९८ वर तक्रार केली, तक्रार क्रमांक मिळाला, आणि तीन दिवसांत 'तक्रार निकाली काढली' असा मेसेज आला. टॉवर होता तसाच. आता वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करायचं म्हणून दोघं माझ्याकडे आले.

"कडक लिवा," रामहरी म्हणाला. "बायकोला काय काय बोललो मी त्या टॉवरपायी."

मी लिहायला घेतलं. तक्रार क्रमांक, गाव, दोन्ही नंबर. दोन वेगळ्या फोनवर तोच दोष, वडवणीत आल्यावर नाही. मग तारखा. रामहरीच्या फोनमधली यादी मी वाचू लागलो.

"चौदा डिसेंबर, संध्याकाळी सात दहा, सहा मिनिटं. कोणाला काय ऐकू आलं?"

"मला कायबी न्हाई," रामहरी म्हणाला. "मला वाटलं, अजून अबोलाच हाय."

"मला समदं," मावशी म्हणाल्या.

"काय म्हणाला होता?"

मावशींनी तोंड फिरवलं. रामहरी खाली बघत म्हणाला, "मेलीस का म्हणलो. पुन्यांदा तोंड दावू नको म्हणलो. फडाच्या कडंला जाऊन बोलायचो, पोराला कळू नये म्हणून."

"आणि तुम्ही, मावशी?"

"मी बोलतच व्हते की. वरडून वरडून."

मी पुढच्या तारखांकडे वळलो. पाच जानेवारीनंतर यादीत नुसते न उचललेले फोन होते. नऊ जानेवारीला एकाच दुपारी अकरा.

"गाडीवरून पडलो त्या दिशी," रामहरी म्हणाला. "दवाखान्यात खाटंवर व्हतो. म्हणलं, निदान उचलंल तरी."

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. हे त्यांना आजच कळत होतं. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि अगदी सरळपणे म्हणाल्या, "हे बी लिवा राधाकिसन, कंपनीवर उगं आळ नको. सुरवातीला चूक माझीच व्हती. मी बटण दाबायचे."

माझे कान तापले. वाटलं, कोणी गिऱ्हाईक यावं. कोणी आलं नाही.

"मावशी, तुम्ही कुठलंच बटण दाबत नव्हता," मी म्हणालो. "मला दोष सापडला नाही, म्हणून मी तुमच्यावर ढकललं."

रामहरीनं मान वर केली. त्यानं मला शिव्या द्यायला हव्या होत्या. पण तो बायकोकडे बघत राहिला.

मावशींना ते समजायला थोडा वेळ लागला. हातातला फोन त्यांनी उलटसुलट करून पाहिला.

"मला वाटलं, आपल्याला जमत न्हाई, कशाला उचलायचा," त्या म्हणाल्या. "मग मी दवाखान्याच्या त्या दिशी फोन कावून उचलला न्हाई, राधाकिसन?"