आरंभबिंदूतून जाणारी रेषा

बिंदूपासून रेषेपर्यंतचे अंतर म्हणजे त्या बिंदूतून रेषेवर टाकलेल्या लंबाची लांबी. हे वाक्य मी अकरावीच्या वर्गात बावीस वर्षे एकाच स्वरात उच्चारले आहे. लंबच का, असे कोणी विचारावे म्हणून मी क्षणभर थांबते. कोणी विचारत नाही, तेव्हा स्वतःच सांगते. रेषेवरचा दुसरा कोणताही बिंदू घेतला तर काटकोन त्रिकोण होतो आणि आपण कर्णावरून चालतो. कर्ण लांबचा असतो. या कानडी शहराच्या टोकाला, महादेवपुऱ्यातल्या आमच्या कॉलेजात रोज दीड तास गाडीत बसून येणाऱ्या मुलांना ही गोष्ट पटवावी लागत नाही.

यानंतर सिद्धता. रेषा Ax + By + C = 0, बिंदू P(x₁, y₁). रेषा x-अक्षाला Q मध्ये छेदते, y-अक्षाला R मध्ये. PQR हा त्रिकोण काढायचा. त्याचे क्षेत्रफळ निर्देशकांवरून मिळते; तेच क्षेत्रफळ पाया QR गुणिले लंब याच्या निम्मे असते. दोन्ही समान मांडले की वरचा आणि खालचा C कटतो, AB कटतो आणि सूत्र उरते: Ax₁ + By₁ + C चे केवल मूल्य, भागिले A² + B² चे वर्गमूळ. C काटताना मी खडूची तिरपी रेघ थोडी जोरात ओढते. वर्ग खूश होतो. कटणारी गोष्ट सर्वांनाच आवडते.

आमच्या कॉलेजात प्रत्येक प्रश्नाला नमुना उत्तर असते आणि नमुना उत्तराला चौकटी. उत्तरपत्रिका स्कॅन होऊन संगणकावर येतात. तपासनीस चौकटीत बरोबरची खूण करतो आणि संगणक बेरीज करतो. पद्धत निर्दोष आहे, कारण तीत कोणाला काही वाचावे लागत नाही. त्या वर्षीच्या पूर्वपरीक्षेचा गणिताचा नमुना मी केला होता. पाच गुणांचा प्रश्न असा: सूत्र सिद्ध करा आणि 4x − 3y = 0 या रेषेपासून (7, 1) चे अंतर काढा. आकृतीला एक गुण, क्षेत्रफळाला दोन, QR च्या लांबीला एक, उत्तराला एक. ही रेषा मी निवडली ती उत्तर पूर्ण पाच येते म्हणून. मला नीटनेटके उत्तर आवडते.

निकालानंतर एक मुलगी स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. तिचे आईवडील दोघेही सरकारी संशोधन संस्थेत, घरात पुण्याकडचे मराठी. वर्गात ती इंग्रजीत बोले, अडचणीत मराठीत.

"मॅडम, मला सत्त्याऐंशी पडलेत. नव्वद असते तर विशेष तुकडीत घेतलं असतं."

विशेष तुकडी म्हणजे तीस जागांचा वर्ग. तिथे उदाहरणे सोडवून घेतात. बाकीच्यांना सोडवलेली दाखवतात.

"तीन गुणांसाठी पेपर पुन्हा तपासत नाहीत," मी नियम सांगितला.

"तीन नाही, चार. त्या अंतराच्या प्रश्नात पाचपैकी एक मिळालाय."

"आकृती काढली नसशील."

"काढायला बसले होते, मॅडम. झालीच नाही."

"न व्हायला काय झालं?"

"Q आरंभबिंदूवर आला. R पण तिथंच आला. दोनच टोकांचा त्रिकोण कसा काढू?"

"मग तसं लिहायचं."

"लिहिलंय की! तिसऱ्या ओळीत."

मी संगणकावर तिची उत्तरपत्रिका उघडली. तिसऱ्या ओळीत खरेच लिहिले होते. C शून्य असेल तर त्रिकोणाचे क्षेत्रफळ शून्य, पायाही शून्य. म्हणून वेगळी रीत घेते. पुढे तिची रीत होती. रेषेला लंब असलेली दिशा म्हणजे x कडे A आणि y कडे B. P पासून त्या दिशेने t पट गेले की (x₁ + tA, y₁ + tB) येतो. हा बिंदू रेषेवर असायला हवा, म्हणून त्याचे निर्देशक समीकरणात घातले. t मिळाला: वजा (Ax₁ + By₁ + C), भागिले (A² + B²). चाललेले अंतर म्हणजे t चे केवल मूल्य गुणिले A² + B² चे वर्गमूळ, तेच सूत्र. शेवटी आकडे घालून t = −1, लंबपाद (3, 4), अंतर पाच.

काटण्यासाठी तिथे C नव्हताच. बावीस वर्षे जोरात ओढलेली माझी तिरपी रेघ आठवली. C शून्य असताना मी शून्याला शून्याने भागत होते, तेही टाळ्या घेऊन.

मी विभागप्रमुखांकडे गेले. ते धारवाडचे, मराठी उत्तम. आदेश देताना मला मॅडम म्हणत आणि गळ घालताना अक्का.

"मॅडम, आकृती नाही, क्षेत्रफळ नाही. चौकटी रिकाम्या. गुण कशाला द्यायचे?"

"सर, तुम्ही आकृती काढून दाखवा."

ते हसले, खडू घेऊन फळ्याशी गेले, अक्ष काढले, 4x − 3y = 0 काढली. Q वर ठिपका दिला. R साठी हात उचलला आणि तो खाली येईना. मग त्याच ठिपक्यावर त्यांनी जरा मोठा ठिपका दिला.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "म्हणजे प्रश्न चुकला."

"प्रश्न बरोबर आहे. नमुना चुकला."

"ते वेगळं कसं सांगणार पालकांना? सोपं करू. सगळ्यांना पाच पाच गुण देऊन टाकू."

"मग नव्वदच्या वर किती येतील?"

त्यांनी संगणकात पाहिले. "साठ. जागा तीस. नव्वदची अट स्वल्प वाढवावी लागेल, चौऱ्याण्णव करू."

"आणि ही मुलगी एक्क्याण्णववर राहील."

"पण कोणाचं नुकसान तर नाही ना झालं, अक्का?"

मी शांतपणे समजावले: ज्यांनी पान कोरे ठेवले त्यांना पाच आणि जिने रीत शोधली तिला चार देऊन उंबरठाच चार इंचांनी वर उचलणे, यालाच नुकसान म्हणतात. एकच मार्ग होता. नमुना बनवणाऱ्याने चूक लेखी मान्य करावी आणि फक्त योग्य पर्यायी रीत लिहिणाऱ्यांचे गुण बदलावेत. असा अर्ज सेवापुस्तकात लागतो आणि दोन वर्षे प्रश्नपत्रिका काढायला मिळत नाही.

"बावीस वर्षांत तुमचा एकही अर्ज नाही," ते हळूच म्हणाले. "कशाला, अक्का?"

अर्जात चुकीच्या कारणासाठी तीन चौकटी होत्या: छपाई, घाई, इतर. मी 'इतर'वर खूण केली. पुढे दीड इंच जागा होती. तिथे 'C = 0' लिहिले आणि सही केली. त्या अर्जावरची सर्वांत अचूक नोंद तीच असावी.

पर्यायी रीत लिहिणारी ती एकटीच निघाली. एक्क्याण्णव झाले, तुकडीत नाव लागले. तीस जागांमध्ये एकतिसावे बाक आणून टाकले. त्याला मात्र कोणाची परवानगी लागली नाही.

पुढल्या महिन्यात विभागाचे परिपत्रक आले: यापुढे परीक्षेत आरंभबिंदूतून जाणाऱ्या रेषा विचारू नयेत.

मुलीने ते सूचनाफलकावर वाचले आणि मला गाठले. "मॅडम, अक्षांना समांतर रेषांचं काय? त्या तर एकाच अक्षाला छेदतात. तिथंही त्रिकोण होत नाही."

"हळू बोल," मी म्हणाले. "त्यांनाही बंदी येईल."

दुसऱ्या दिवशी वर्गात मी तिची रीत शिकवली. काही कटले नाही, म्हणून वर्ग जरा नाराज दिसला.