गुळाला पांढरी कड येत नाही

लोक म्हणतात, झालं गेलं विसरून जावं. मी विसरलेले नाही आणि विसरायचा विचारही नाही.

पोशीरला आमच्या बायकांचा बचत गट आहे. दिवाळीत आम्ही नारळाच्या वड्या विकतो. काम चालतं अध्यक्षबाईंच्या पडवीत, त्यांच्याच शेगडीवर. मी गटात आले तेव्हा मला वाटलं होतं, कढईसमोर उभं राहायला मिळेल. माझं माहेर लोधिवलीकडचं. आई हायवेवरच्या एका दुकानाला गुळाच्या वड्या करून द्यायची, त्यामुळे उलथनं माझ्या हातात लहानपणापासून. पण पहिल्याच दिवशी अध्यक्षबाई गोड हसून म्हणाल्या, "तुमी डबे पुसा. चुलीचं आमी बघतो."

का, ते त्यांनी सांगितलं नाही. आमची घरं विहाराकडची. न सांगताच सगळ्यांना कळलं, मलाही कळलं. गटातल्या बाकी सगळ्या बायकांना त्या "काय गं, ये गं" करायच्या. मला मात्र "तुमी". एवढा मान मला सासरी कुणी दिला नव्हता. त्या मानाचा मला इतका संताप यायचा की डबा पुसताना पत्रा वाजायचा.

माझ्या हातची वडी कुणी खाल्लीच नाही, तर ती वाईट असं तरी कोण म्हणणार? हेच मला जास्त लागायचं.

गेल्या वर्षी कोंडाण्याच्या रस्त्यावरच्या एका फार्महाऊसची मोठी ऑर्डर आली. मालकीणबाई मुंबईच्या. त्यांच्या पाहुण्यांना साखर नको होती, सगळी मिठाई गुळाची हवी होती. अध्यक्षबाईंनी एका दमात होकार दिला आणि आम्हाला म्हणाल्या, "साखर काढायची, गूळ घालायचा. त्याला काय अक्कल लागते?"

मी बोलले. हे नोंदवून ठेवते, म्हणजे उद्या कुणी म्हणू नये की मी गप्प राहिले. म्हणाले, "ताई, गरम गुळात दूध घालू नका, फाटतं. आनि गूळ साखरेसारखा कोरडा नसतो, खोबरं आधी परतून घ्यावं लागंल."

त्यांनी माझ्याकडे न बघताच फडकं पुढे केलं. "तुमी डबे पुसा."

एकदा सांगितलं. पुन्हा सांगायला मी काही त्यांची आई नाही. मी फडकं घेतलं आणि मोक्याची जागा बघून बसले, जिथून कढई नीट दिसेल.

साखरेच्या वजनाइतकाच गूळ त्यांनी घातला. चव घेतली तर गोडी कमी. गूळ साखरेपेक्षा कमीच गोड असतो. मग आणखी ढेप फोडली. जितका गूळ जास्त, तितकं मिश्रण सैल आणि चिकट, हे आईनं मला चापट मारून शिकवलं होतं. त्यांना कुणी चापट मारली नव्हती. त्यात वर नेहमीसारखं दूध. दूध फाटलं, कणी कणी झाली. "रवाळ होतंय गं!" त्या खूश होऊन म्हणाल्या. मी फडकं तोंडाला लावलं.

आता मुद्द्याची गोष्ट. साखरेची वडी झाली हे कसं कळतं? कढईच्या कडेला पांढरं दिसायला लागतं. साखर पुन्हा जमून येते तिथं. आमच्या गटात ही एकच खूण सगळ्यांना पाठ होती. गुळाला ती पांढरी कड येत नाही. कधीच नाही. त्याचा पाक आधी वेगळा करायचा, त्याचा थेंब गार पाण्यात टाकायचा, बोटांनी गोळा केल्यावर मऊ गोळी झाली की मगच खोबरं घालायचं.

अध्यक्षबाई घोटत राहिल्या. हात बदलले. कढईतून करपट वास यायला लागला. शेवटी, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, त्यांनी मला काहीतरी विचारलं.

"अजून पांढरं कसं नाय दिसत वं?"

"दिसंल," मी म्हणाले. "घोटा अजून."

याचा मला पश्चात्ताप नाही. तेव्हा नव्हता, आज तर मुळीच नाही.

ती वडी थाळीत ओतली आणि थाळीचीच झाली. सुरी चालेना, शेवटी बत्ता आणला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. दुसरी कढई त्यांनी घाबरून फार लवकर उतरवली आणि कोमट असतानाच डबे भरून झाकणं लावली. मीच पुसलेले डबे, लख्ख.

बंद डब्यात वाफ धरली, गुळाला पाणी सुटलं. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी सगळे डबे टेंपोतून परत पाठवले. कागद वडीला असा चिकटला होता की वडी सोलून खावी की कागद चाटावा, कळेना. वर निरोप होता, चांगली वडी येणार नसेल तर ऑर्डर नेरळला देते.

संध्याकाळी अध्यक्षबाई माझ्या दारात उभ्या राहिल्या. आमच्या आळीत त्या पहिल्यांदाच आल्या होत्या, कुठलं घर ते विचारत विचारत. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. त्या म्हणीतलं गाढव व्हायला माझी काही हरकत नव्हती.

"ऑर्डर जाईल गं," त्या म्हणाल्या. बघा, "गं" निघालं तोंडातून. "आईच्या हातची वडी येते ना तुला? चल पडवीत, कढई तुझी."

ज्या कढईसाठी मी इतकी जळले, ती आता मला देत होत्या. क्षणभर पाय निघालेही. मग म्हणाले, "पडवीत नाय. करीन तर माज्या चुलीवर करीन. आनि आधी पानी प्या."

मी तांब्यातून पेला भरून पुढे केला. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. शेजारणी ओट्यावर येऊन उभ्या होत्या, त्यांच्याकडेही पाहिलं. मी हात खाली घेतला नाही. त्या प्यायल्या. पाणी वरून न ओतता, पेल्याला तोंड लावून प्यायल्या, कारण मी बघत होते.

मग मी कामाला लागले. ओलं खोबरं मंद आचेवर कोरडं होईपर्यंत परतलं. गूळ किसून थोड्याशा पाण्यात विरघळवला, गाळून घेतला, गाळणीत खडे आणि काड्या निघाल्या. पाकाची मऊ गोळी जमली तसं खोबरं घातलं. दुधाचा थेंब नाही. गोडी वाढवायला गूळ वाढवला नाही, चिमूटभर मीठ आणि जायफळ घातलं, त्यानं आहे तीच गोडी उठून येते. गोळा कढई सोडू लागला तसा थाळीत थापला, गरम असतानाच सुरीनं रेघा मारल्या आणि पूर्ण गार होईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

वडी खटकन सुटली. पहिली मी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी खाल्ली, दुसरी स्वतःहून उचलली.

"ऑर्डर वाचली गं," त्या म्हणाल्या. मग पदरानं बोटं पुसत कढईजवळ सरकल्या. "पन उतरवायची खूण काय? मला एकदा दाखव, पुढच्या टायमाला पडवीत मीच करीन."

म्हणजे पुढच्या वेळी मी परत फडक्याशी. वडी अजून त्यांच्या तोंडात होती.

कोपऱ्यात वड्या भरायला पडवीतून आणलेले रिकामे डबे होते. खुंटीवरचं फडकं मी काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"तुमी डबे पुसा, ताई. चुलीचं आमी बघतो."

त्यांनी पुसले. मी दोन डबे परत केले, डाग होते.