हाताने लावलेली वेळ

घड्याळवाले काका आता मोबाइल दुरुस्त करतात, पण नाव काही बदललं नाही आणि खोडही. चाळीस वर्षं घड्याळं जुळवलेला माणूस! दुकानातून निघणाऱ्या प्रत्येक फोनची वेळ ते आपल्या हाताने, भिंतीवरच्या घड्याळाबरहुकूम लावून देत. त्यासाठी ‘आपोआप वेळ’ हे बटण आधी बंद करावं लागे, तेही करत. यंत्राने यंत्राची वेळ ठरवायची, हे त्यांच्या पचनी पडत नसे.

त्या दिवशी एक परिचारिका बॅग ओढत दुकानात आली. तीन वर्षं परदेशात नोकरी करून पहाटे विमानाने परतलेली, तिथून बसमध्ये झोपत झोपत आलेली. डोळे लाल. आईला आता एकटं ठेववत नव्हतं, म्हणून इथल्या रुग्णालयातली एकुलती एक जागा तिला हवी होती. दहाला मुलाखत आणि फोनवर वाजले होते अकरा चाळीस. परदेशी सिम इथे चालेना; जुनं सिम घालून द्या, निदान माफी तरी मागते, असं ती म्हणाली. बोलता बोलता तिला रडूच कोसळलं.

काकांनी पिनने ट्रे काढला, सिम बसवलं, नेटवर्क आलं. पण वेळ जागची हलली नाही. त्यांनी भिंतीकडे पाहिलं: नऊ दहा.

"पोरी, तिकडे गेल्यावर वेळ कुणी लावली?"

ती म्हणाली, आपोआप बदलली नाही म्हणून मीच हाताने लावली. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे.

काकांनी सेटिंग उघडलं आणि त्यांचा चेहरा पडला. बटण बंद होतं. त्यांना आठवलं, हा फोन तीन वर्षांपूर्वी याच दुकानातून दुरुस्त होऊन गेला होता. म्हणजे तो पराक्रम त्यांचाच. बटण बंद असलं की सिम बदला नाहीतर देश बदला, टॉवरने पाठवलेली वेळ फोन घेतच नाही. त्यांनी बटण सुरू केलं. क्षणभराने पडद्यावर नऊ बारा झाले.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "पण मुलाखत अजून व्हायचीय. पळ!"

ती रडता रडता हसली. बॅग तिथेच टाकून पळाली. काकांच्या छातीवरचा दगड उतरला, पण साडेअकरापर्यंत दोनदा दाराशी जाऊन आले.

मग तिचा फोन आला. जागा मिळाली होती. उद्यापासून रुजू, आणि संध्याकाळी बॅग न्यायला आई सोबत येणार होती. काका नुसतेच "बरं, बरं" म्हणाले.

दुपारी एक दुरुस्त झालेला फोन समोर आला. सवयीने बोट बटणाकडे गेलं, आणि थांबलं. ते सुरूच राहू दिलं. मग काका स्टुलावर चढले आणि त्या फोनमध्ये बघून भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं पुढे केलं.